बोगद्याच्या तोंडावरची नोंद

समजा, रात्री 9 वाजून 42 मिनिटांनी एका घरातल्या लॅपटॉपवर व्हीपीएन सुरू झालं. त्याच क्षणी राउटरमधून 148 बाइटचं एक पॅकेट बाहेर पडतं आणि पलीकडून 92 बाइटचं उत्तर येतं. वायरगार्ड या प्रणालीतली ही पहिली ओळख. या दोन पॅकेटांचे आकार ठरलेले असतात, आणि डेटा वाहत असेल तोवर नवी किल्ली ठरवण्यासाठी साधारण दर दोन मिनिटांनी ही ओळख पुन्हा होते.

इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला आतला मजकूर वाचता येत नाही. साइटच्या नावांची चौकशी, म्हणजे डीएनएस, व्हीपीएनच्या बोगद्यातूनच जात असेल तर कोणती साइट उघडली हेही तिला कळत नाही. मात्र व्हीपीएन सर्व्हरचा आयपी पत्ता तिला दिसतो. जोडणी कधी सुरू झाली, कधी तुटली, किती डेटा गेला आणि किती आला, हेही दिसतं. भारतात परवान्याच्या अटीनुसार अशा जोडण्यांच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात.

एवढ्याशा नोंदीतून अर्थ काढण्याची विद्या इंटरनेटपेक्षा खूप जुनी आहे. 1939च्या शरद ऋतूत गॉर्डन वेल्चमन हा केंब्रिजचा गणिती ब्रिटनच्या ब्लेचली पार्कमध्ये दाखल झाला, तेव्हा तिथे जर्मन एनिग्मा संदेश अजून उलगडत नव्हते. मग त्याने मजकूर बाजूला ठेवला आणि संदेशांच्या माथ्यावरच्या गोष्टी बघायला घेतल्या: कोणत्या केंद्राने कोणाला साद घातली, कोणत्या लहरीवर, किती वाजता. जर्मन सैन्याचा कोणता विभाग कोणाशी जोडलेला आहे याचं चित्र त्यातून उभं राहू लागलं. या कामाला ‘ट्रॅफिक अ‍ॅनालिसिस’ म्हणतात, आणि संगणकाच्या जगातही तेच नाव चालत आलं.

ही नजर चुकवण्याचे उपायही त्याच काळातले. जपानी नौदलाने 1 नोव्हेंबर 1941 रोजी आपल्या जहाजांची रेडिओवरची नावं बदलली आणि 1 डिसेंबरला पुन्हा बदलली. विमानवाहू जहाजं मौन धरून पर्ल हार्बरकडे निघाली होती. ती नेमकी कुठे आहेत, हे अमेरिकी हेरखात्याला सांगता येईना. पण महिनाभरातच दुसऱ्यांदा नावं बदलली, यावरून काहीतरी शिजतंय हे मात्र त्यांच्या लक्षात आलं. लपवाछपवीचाही माग उरतो, हे तेव्हापासूनचं दुखणं.

2013च्या डिसेंबरात हार्वर्ड विद्यापीठाला असाच माग कामी आला. परीक्षेच्या दिवशी सकाळी बाँबच्या खोट्या धमकीचे ईमेल आले. पाठवणाऱ्याने टॉर वापरलं होतं. ते व्हीपीएनपेक्षा वेगळं, आणि माग लपवण्यात त्याहून मजबूत. टॉर कुणीच फोडलं नाही. ईमेल येण्याआधीच्या काही तासांत विद्यापीठाच्या वायफायवरून टॉरला कोण जोडलं होतं, एवढंच नोंदींत पाहिलं गेलं. त्यातून एका विद्यार्थ्यापर्यंत पोचता आलं आणि चौकशीत त्याने कबुली दिली. वेळ जुळली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नव्हे. त्याच वेळी टॉरवर असलेला दुसरा कुणी निर्दोषही असू शकतो. पण विचारपूस कुठून सुरू करायची, ते वेळेने दाखवलं.

डेटाचं प्रमाणही असंच बोलतं. सिनेमा पाहताना डेटा एकसारखा वाहत नाही. काही सेकंदांचा तुकडा धबाधबा उतरतो, मग उसंत, मग पुढचा तुकडा. व्हिडिओ कॉलमध्ये दोन्ही दिशांना संथ, सारखी धार असते. बॅकअपमध्ये जाणारा आकडा फुगतो. प्रत्येक पॅकेटवर व्हीपीएनचं वेष्टन चढून वजन किंचित वाढतं, पण हा ताल मोडत नाही. दृश्यात हालचाल जास्त तर तुकडा जड, त्यामुळे प्रत्येक चित्रफितीचा चढउतार वेगळा असतो. आधीपासून नमुने जमवून ठेवले असतील, तर मजकूर न उघडता चित्रफीत ओळखता येते, हे संशोधकांनी 2017 मध्ये दाखवलं. घरात तीन जण एकाच बोगद्यातून वेगवेगळं काही पाहत असतील, तर मात्र ताल एकमेकांत मिसळतात आणि ओळख अवघड होते.

यावर सुचणारा उपाय म्हणजे पोकळ संदेशांची भर. स्वीडनच्या मुलव्हाड या व्हीपीएन कंपनीने 2024 मध्ये ‘डायटा’ नावाची सोय आणली. तीत सगळी पॅकेटं एकाच आकाराची केली जातात आणि अधूनमधून बिनकामाची पॅकेटं सोडली जातात. त्याने ताल झाकला जातो, त्याबदल्यात डेटा जास्त खर्च होतो आणि वेग घटतो. 9 वाजून 42 मिनिटांनी त्या घरातून व्हीपीएन सर्व्हरशी जोडणी झाली, ही ओळ तरीही इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या नोंदीत राहते.