चहा-कॉफीतील टॅनिन आणि लोहाचे शोषण

धान्य, डाळी व पालेभाज्यांतील लोह शरीरात शोषले जाण्यास चहा-कॉफीतील पॉलिफेनॉल द्रव्यांमुळे येणारा अडथळा. चहात ही द्रव्ये मुख्यतः टॅनिन गटातील, तर कॉफीत क्लोरोजेनिक आम्लाच्या गटातील असतात. आतड्यात ती लोहाला घट्ट धरतात. तयार होणारे संयुग विरघळत नाही आणि लोह शौचावाटे बाहेर जाते. लोखंडी कढईत चहा राहिला की तो शाईसारखा काळा पडतो, तीच ही क्रिया. मांस-मासळीतील रक्तरंजकाचे लोह वेगळ्या वाटेने शोषले जात असल्याने त्याला फारशी बाधा होत नाही. दूध घातल्याने चहाचा हा परिणाम जवळजवळ कमी होत नाही.

अजिंठ्याच्या पायथ्याशी असलेल्या फर्दापूरसारख्या गावांत या प्रश्नाचे मूळ न्याहारीत सापडते. कापूस वेचायला निघण्यापूर्वी भाकरी चहात बुडवून खाणे मराठवाडा-खानदेशात सर्रास चालते. दीडशे ग्रॅम बाजरीच्या पिठात सुमारे 9 मिलिग्रॅम लोह असते. बाजरीतील फायटेटमुळे त्यातले पाच टक्केच शोषले गेले असे धरले, तर अंगी लागते जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. बंगळुरूत भारतीय स्त्रियांवर झालेल्या, 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जेवणासोबतच्या एका कप चहाने लोहाचे शोषण जवळपास निम्म्यावर आले. तेच प्रमाण इथे लावले, तर अर्ध्याचा पाव मिलिग्रॅम उरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-5 नुसार महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्याला अपुरा आहार, पाळीतील रक्तस्राव, जंत अशी अनेक कारणे आहेत, एकट्या चहाला दोष देता येणार नाही. पण चहापायी वाया जाणारा पाव मिलिग्रॅम पैसा न खर्चता वाचवता येतो, म्हणून तो सोडू नये.

वेळेचा नियम दोन्ही बाजूंना सारखा नाही. 1983 च्या एका प्रयोगात जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीने शोषण घटले नाही. जेवणानंतर तासाने घेतलेलीने मात्र सोबत घेतल्याइतकेच घटले. कारण तासाभरानंतरही अन्न जठरातून थोडे थोडे आतड्यात उतरत असते आणि कॉफी त्याला तिथे गाठते. पुढील एका प्रयोगात तासाच्या अंतराने चहाचा परिणाम कमी झाला, इतकेच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत जेवणाच्या आधी व नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळावी असे सांगितले आहे. रक्त कमी असलेल्यांनी जेवणानंतर दोन तास थांबणे अधिक बरे. उठल्याउठल्या चहा आणि तासाभराने भाकरी, हा क्रम कामावर जाणाऱ्यांना सोयीचा. भाकरीसोबत लिंबू पिळलेली भाजी किंवा पेरू घेतल्यास क जीवनसत्त्वामुळे शोषण वाढते.

आशाताईंकडून मिळणारी लोहाची गोळीही चहासोबत घेऊ नये, पाण्यासोबत घ्यावी. रक्तातील लोह पुरेसे असलेल्यांना ही दक्षता गरजेची नाही. शरीरात लोह साचण्याच्या काही आजारांत तर जेवणासोबतचा चहा उपयोगी ठरू शकतो. मात्र तो उपचारांची जागा घेत नाही.