चुणीला ताण देणारा धागा

इंग्लंडमधले शेतमजूर अठराव्या-एकोणिसाव्या शतकात सैल अंगरखे घालत. त्यांच्या छातीवर आणि मनगटावर बारीक चुण्या ओढून वरून भरतकाम केलेलं असे. हात हलला की कापड ताणलं जाई आणि मागेही येई. ही लवचिकता टाक्यांतून आलेली होती, रबराचा तिच्याशी संबंध नव्हता. आजच्या उन्हाळी फ्रॉकची चुणीदार छाती तिथूनच निघते.

लंडनच्या थॉमस हॅनकॉकने 1820 मध्ये कपड्यांत रबराच्या पट्ट्या घालण्याचं पेटंट घेतलं. पण कच्चं रबर थंडीत कडक व्हायचं आणि उन्हात चिकट. ही अडचण 1840 च्या दशकात गंधकाच्या प्रक्रियेने सुटली. तरी रबर कापूनच पट्टी निघे, तिला लांबीची मर्यादा असे. रबराच्या चिकातून हवा तितका लांब, गोल धागा काढून त्यावर सुताचं वेष्टण देणारं लास्टेक्स 1931 मध्ये अमेरिकेत आलं. आता रबर शिवणाच्या दोऱ्याइतकं बारीक झालं.

चुण्या घालायला हा रबरी धागा बॉबिनमध्ये भरायचा, तोही हाताने, जेमतेम ताण देऊन. जास्त ओढून भरला तर सुरुवातीची आणि शेवटची ओळ सारखी आवळत नाही. वर साधा दोरा, टाका सुमारे 4 मिलिमीटर, कापडाची सुलटी बाजू वर. ओळींत एकेक सेंटिमीटर अंतर. पहिली ओळ फारशी आवळत नाही, तेवढ्यावरून घाबरून ताण वाढवू नये. दुसरी ओळ घालताना पहिली हाताने सपाट ताणून धरायची. इथेच चुण्या सारख्या येतात किंवा बिघडतात, कारण सैल राहिलेलं कापड सुईखाली दुमडून शिवलं जातं. बॉबिन ओळीच्या मध्येच संपू देऊ नये; टोकं गाठ मारून बांधावीत.

मग वाफ. इस्त्री कापडाला न टेकवता थोडी वर धरली की चुण्या डोळ्यांदेखत आवळतात. याचं मूळ जुनं आहे. केंडलचा अंध अभ्यासक जॉन गॉफ याने 1805 मध्ये नोंदवलं होतं की ताणलेलं रबर तापवलं तर आखडतं. शिवलेला धागा ताणलेलाच असतो. वाफेच्या उष्णतेने तो जोराने ओढतो, ओलाव्याने मऊ झालेलं सुती कापड त्याला वाट देतं आणि गार होताना त्याच घड्यांत बसतं.

म्हणून माप वाफेनंतरच घ्यावं. त्याच कापडाचा 20 सेंटिमीटरचा तुकडा घेऊन पाच ओळी शिवा, वाफ द्या. समजा तो 11 झाला. छाती 84 असेल आणि चुणीचा भाग अंगाला बसावा म्हणून 77 हवा असेल, तर 140 सेंटिमीटर रुंद कापड लागेल. जाड कापडावर हा हिशेब चालत नाही. तिथे धागा हरतो. मलमल, व्हॉइल, पातळ कॉटन घ्यावं. आणि तापलेली इस्त्री चुण्यांवर दाबू नये, त्याने रबर कायमचं ढिलं पडतं.