गोठ्याचे पत्र्याचे छत : चढ धरून पत्र्यांची संख्या आणि पर्लिनची लांबी कशी काढावी

गोठ्याच्या छताचा हिशेब बहुतेक वेळा खांब उभे राहिल्यावर केला जातो. मग शेवटी पत्रा हातभर कमी पडतो किंवा प्रत्येक पर्लिनला तुकडा जोडावा लागतो. पत्र्यावर पत्रा चढल्यामुळे जेवढी रुंदी आणि लांबी झाकली जाते, ती हिशेबात न धरल्याने हे होते. म्हणून खांबांचे खड्डे खणण्याआधीच पुढील क्रमाने मोजमाप करावे.

उदाहरणासाठी रावेत येथे पवना नदीकाठच्या शेतातील दुहेरी रांगेचा गोठा घेऊ. जनावरे शेपटीला शेपटी पद्धतीने बांधायची आहेत, म्हणजे गव्हाणी दोन्ही बाहेरच्या बाजूंना येतात. छत दुपाखी आहे. गोठ्याची रुंदी खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत ८ मीटर आणि लांबी साधारण १२ मीटर ठरवली आहे. लांबी पूर्व-पश्चिम आहे. छताचा उतार ४ ला १ आहे, म्हणजे ४ मीटर आडव्या अंतरात आढे १ मीटर उंच जाते.

पायरी १ : उतारावरची लांबी काढा

पत्रा जमिनीला समांतर नसतो, तो उतारावर बसतो. त्यामुळे आडव्या अंतरापेक्षा त्याची लांबी थोडी जास्त लागते. ४ ला १ उतारासाठी आडव्या अंतराला १.०३ ने गुणावे. ५ ला १ उतारासाठी १.०२ ने आणि ३ ला १ साठी १.०५ ने गुणावे.

आपल्या गोठ्यात आढ्यापासून खांबापर्यंत ४ मीटर अंतर आहे. गव्हाणीवर पाऊस येऊ नये म्हणून खांबाच्या बाहेर ४५ सेंमी वळचण ठेवू. आडवे अंतर झाले ४.४५ मीटर आणि उतारावर ते सुमारे ४.५९ मीटर होते. आढ्याच्या मध्यापासून पत्रा ५ सेंमी खाली सुरू होतो, कारण ती फट रिजच्या पत्र्याने झाकली जाते. म्हणजे पत्र्याने ४.५४ मीटर झाकायचे आहे.

१५ फुटांचा पत्रा ४.५७ मीटर भरतो. तो एकसंध मिळाला, तर प्रत्येक पाख्यावर उभा जोड येतच नाही. शक्य असेल तेथे हाच पर्याय घ्यावा.

टेंपोत लांब पत्रा येत नाही म्हणून दोन तुकडे घ्यायचे असतील, तर येथे एक चूक हमखास होते. १५ फूट हवेत म्हणून साडेसात फुटांचे दोन पत्रे आणले जातात. परंतु वरचा पत्रा खालच्यावर किमान २० सेंमी चढला पाहिजे. मग दोन्ही मिळून ४.३७ मीटरच झाकले जाते आणि वळचण ४५ सेंमीवरून २९ सेंमीवर येते. वाऱ्याबरोबर तिरका पाऊस आला की गव्हाणीतला चारा भिजतो. म्हणून दोन तुकड्यांसाठी ४.५४ अधिक ०.२०, म्हणजे ४.७४ मीटर धरावे. ८ फुटांचे दोन पत्रे ४.८८ मीटर भरतात. ते पुरतात आणि चढ ३४ सेंमी मिळतो.

उतार ४ ला १ पेक्षा कमी असेल, तर २० सेंमी हा चढ कमीत कमी समजावा. उतार जितका कमी, तितके पाणी जोडात मागे ओढले जाते आणि चढ तितका वाढवावा लागतो.

पायरी २ : रुंदीत पत्रे किती लागतील

दुकानात पत्र्याची पूर्ण रुंदी सांगितली जाते. आपल्याला लागते ती झाकणारी रुंदी. समजा रंगीत पत्र्याची पूर्ण रुंदी १.०७ मीटर आहे. एक उंचवटा शेजारच्या पत्र्यावर चढल्यावर प्रत्येक पत्रा १ मीटरच झाकतो. उत्पादकानुसार हे अंतर बदलते. त्यामुळे दुकानात दोन पत्रे एकमेकांवर बसवून, पहिल्याच्या कडेपासून दुसऱ्याच्या त्याच कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. तीच झाकणारी रुंदी.

पत्र्यांची संख्या काढण्यासाठी छताच्या एकूण लांबीतून एका पत्र्याची पूर्ण रुंदी वजा करावी, उरलेल्या आकड्याला झाकणाऱ्या रुंदीने भागावे, अपूर्णांक आल्यास पुढची पूर्ण संख्या धरावी आणि त्यात १ मिळवावा.

आपला गोठा १२ मीटर आणि दोन्ही टोकांना ३० सेंमी बाहेर, म्हणजे छताची लांबी १२.६० मीटर झाली. त्यातून १.०७ वजा केल्यास ११.५३ उरतात. १ ने भागून पुढची संख्या १२, अधिक १, म्हणजे एका पाख्याला १३ पत्रे. दोन्ही पाख्यांना २६.

हाच हिशेब पूर्ण रुंदीने केला, तर १२.६० भागिले १.०७ करून १२ पत्रे पुरतील असे वाटते. प्रत्यक्षात १२ पत्रे १२.०७ मीटरच झाकतात आणि शेवटी ५३ सेंमी पट्टा उघडा राहतो. एवढ्यासाठी दुसऱ्या फेरीत दोन पत्रे आणावे लागतात. रंगाचा किंवा घडणीचा माल वेगळा निघाला, तर त्यांचे उंचवटे जुळत नाहीत.

पायरी ३ : पर्लिनच्या ओळी

पर्लिन म्हणजे कैच्यांवर आडवा टाकलेला पाइप, ज्यावर पत्रा स्क्रूने बसतो. ०.५ मिमी जाडीच्या पत्र्यासाठी दोन पर्लिनमधील अंतर १.२ मीटरपेक्षा जास्त ठेवू नये. अंतर वाढले, तर छतावर चढल्यावर पत्रा दबतो आणि जोड उघडतो.

वरची पर्लिन आढ्याच्या मध्यापासून १५ सेंमीवर आणि खालची पत्र्याच्या टोकापासून १५ सेंमी वर घ्यावी. आपल्या गोठ्यात या दोन ओळींमध्ये ४.२९ मीटर अंतर राहते. १.२ ने भागले तर ३.५७, म्हणून ४ गाळे. प्रत्येक गाळा सुमारे १.०७ मीटर, म्हणजे एका पाख्याला ५ ओळी आणि दोन्ही मिळून १०.

खालची ओळ खांबाच्या बाहेर येते. त्यामुळे कैचीचा तिरका पाय खांबाच्या पुढे उतारावर सुमारे ३५ सेंमी काढण्यास फॅब्रिकेटरला आधीच सांगावे. पाय खांबाजवळच कापला, तर पत्र्याचे टोक अधांतरी राहते आणि वळवाच्या वाऱ्यात तेथूनच पत्रा उचलला जातो.

दोन तुकड्यांचा पत्रा असेल, तर चढ पर्लिनवरच आला पाहिजे. आपल्या उदाहरणात ८ फुटी पत्र्यांचा चढ आढ्यापासून २१५ ते २४९ सेंमीच्या दरम्यान येतो आणि मधली पर्लिन २३० सेंमीवर आहे, म्हणून जुळते. वेगळ्या लांबीचे पत्रे घेतल्यास हे जुळेलच असे नाही. यासाठी आधी पत्र्याची लांबी पक्की करावी आणि मगच पर्लिन वेल्ड करावी.

पायरी ४ : पर्लिनची लांबी आणि जोड

चौकोनी पाइप साधारण ६ मीटर लांबीत मिळतो. जोड शक्यतो कैचीवरच यावा, दोन कैच्यांच्या मध्ये नको. येथेच १२ मीटरचा गोठा महाग पडतो.

१२ मीटरमध्ये दर ३ मीटरवर एक, अशा ५ कैच्या येतात. पर्लिन १२.६० मीटर हवी. पहिला पाइप ३० सेंमी बाहेरून सुरू केला, तर तो ५.७० मीटरवर संपतो आणि मधली कैची ६ मीटरवर आहे. म्हणजे जोड हवेत राहतो. कैचीवर जोड आणायचा, तर ३.३०, ६ आणि ३.३० मीटर असे तीन तुकडे करावे लागतात. ६ मीटरच्या पाइपातून ३.३० मीटरचा एकच तुकडा निघतो, उरलेला २.७० मीटर एका गाळ्यालाही पुरत नाही. त्यामुळे प्रत्येक ओळीला ३ पाइप, १० ओळींना ३० पाइप लागतात.

पायरी ५ : लांबी सामानाला जुळवून घ्या

आता कैच्यांमधील अंतर ३ ऐवजी २.८५ मीटर करून पाहा. ४ गाळ्यांचे ११.४० मीटर झाले. दोन्ही टोकांना ३० सेंमी धरून छत बरोबर १२ मीटर. ६ मीटरचे दोन पाइप अखंड बसतात आणि जोड बरोबर मधल्या कैचीवर येतो. १० ओळींना २० पाइप पुरतात.

पत्र्यांचाही हिशेब जुळतो. १२ पत्रे १२.०७ मीटर झाकतात, म्हणजे पर्लिनच्या दोन्ही टोकांना साडेतीन सेंमी बाहेर राहतात. कापाकापी नाही, उरलेला तुकडा नाही. गोठा ६० सेंमीने आखूड झाला, पण १० पाइप आणि २ पत्रे वाचले.

गोठ्याची पूर्ण १२ मीटर लांबी हवीच असेल, तर १३ पत्र्यांत सुमारे ४७ सेंमी जास्त उरतात. उंचवटे २० सेंमी अंतरावर असतील, तर दोन ठिकाणी एकाऐवजी दोन उंचवट्यांचा चढ द्यावा. ४० सेंमी त्यात जिरतात आणि पत्रा उभा कापावा लागत नाही.

रिजचा पत्रा

येथेही तोच नियम. ८ फुटांचे ५ तुकडे ४० फूट, म्हणजे १२.१९ मीटर होतात आणि पुरेसे वाटतात. पण प्रत्येक जोडाला १५ सेंमी चढ दिल्यावर ते ११.५९ मीटरच झाकतात. म्हणून ६ तुकडे घ्यावेत.

११.४० × ८ मीटर गोठ्यासाठी सामानाची यादी

- पत्रा, १५ फुटी : २४ नग (किंवा ८ फुटी ४८ नग)
- पर्लिनचा पाइप, ६ मीटर : २० नग
- कैच्या : ५
- रिजचा पत्रा, ८ फुटी : ६ नग

पर्लिनच्या पाइपचा आकार व जाडी आणि कैचीचे माप स्थापत्य अभियंत्याकडून ठरवून घ्यावे. आयएस ८७५ (भाग ३) या मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किमी धरला आहे. उघड्या बाजूंच्या गोठ्यात वारा आत शिरून छताला खालूनही उचलतो.

पत्रे चढवण्याआधी व चढवताना

एका पाख्यावरच्या सर्वांत वरच्या आणि खालच्या पर्लिनच्या टोकांपासून दोन्ही कर्ण मोजावेत. आपल्या गोठ्यात प्रत्येक कर्ण १२.७४ मीटर यावा. दोन्हींत फरक असेल, तर सांगाडा तिरका आहे. तसाच पत्रा चढवला, तर वळचणीची रेघ करवतीसारखी दिसते आणि प्रत्येक पत्र्याला चढ कमी-जास्त होत जातो.

पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. म्हणून पहिला पत्रा पूर्वेच्या टोकाला ठेवून पश्चिमेकडे सरकावे. असे केल्यास जोडाचे तोंड पूर्वेकडे राहते आणि पाऊस आत ढकलला जात नाही. कडेला पाणी वाहून नेणारी खाच असेल, तर ती कड नेहमी खाली येईल असा पत्रा धरावा.

पहिले तीन पत्रे बसल्यावर थांबून त्यांनी झाकलेली रुंदी मोजा. ती ३.०७ मीटर यायला हवी. कमी भरली, तर चढ जास्त जातो आहे. १२ पत्र्यांच्या शेवटी ती तूट साडेपाचपट झालेली असेल, म्हणून तेथेच स्क्रू काढून दुरुस्ती करावी.