गुंठा, क्विंटल आणि शब्दामागचं माप

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर क्षेत्राच्या रकान्यात ०.४०.०० असा आकडा असतो, तेव्हा गावात त्या तुकड्याला सर्रास 'एक एकर' म्हटलं जातं. चाळीस गुंठ्यांचा एकर हे पाठ असतं आणि समोर चाळीसचा आकडा दिसत असतो. पण हा आकडा हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा क्रमानं वाचायचा आहे. त्याचा अर्थ चाळीस आर, म्हणजे ४,००० चौरस मीटर. एकर मात्र ४,०४६.८६ चौरस मीटरचा असतो आणि त्याच रकान्यात तो ०.४०.४७ असा लिहावा लागेल. या दोन आकड्यांत सुमारे ४७ चौरस मीटर, म्हणजे ५०४ चौरस फुटांचं अंतर आहे. जवळजवळ अर्धा गुंठा. ज्यानं एकराचे पैसे मोजले आणि चाळीस आर घेतले, त्याची एवढी जमीन कुणी बांध कोरून नेलेली नाही. ती एका शब्दातून दुसऱ्या शब्दात जाताना सांडली आहे.

आपण या मापांना 'पारंपरिक' म्हणतो तेव्हा त्यांचं वय आणि आकार दोन्ही कायमचे ठरलेले आहेत असं गृहीत धरतो. गुंठा आणि क्विंटल हे रोजचे दोन शब्द घेऊन पाहिलं तर यातलं काहीच टिकत नाही.

गुंठ्याआधी मराठी मुलखात जमीन काठी, पांड, बिघा आणि चाहूर यांत मोजली जाई. वीस चौरस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि एकशे वीस बिघ्यांचा चाहूर. शिवकालीन मोजणीची काठी कशी होती हे सभासदाच्या बखरीत नोंदलेलं आहे. पाच हात आणि पाच मुठी मिळून एक काठी. हात चौदा तसूंचा. सगळी काठी ब्याऐंशी तसूंची. सत्तर तसू हातांचे, म्हणून उरलेले बारा पाच मुठींचे. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा.

नियम इतका स्पष्ट आहे की आजच्या मापात त्याचं रूपांतर चुटकीसरशी व्हावं असं वाटतं. करून पाहू. हात अठरा इंचांचा धरला तर काठी सुमारे ८.७९ फुटांची होते, बिघ्याची बाजू साधारण १७५.७ फुटांची आणि बिघा २८.३ गुंठ्यांचा. आता हात एकोणीस इंचांचा धरू. बाकी सगळं तेच ठेवलं तरी बिघा ३१.६ गुंठ्यांचा होतो. हातातला एक इंच बिघ्यात सव्वातीन गुंठे होतो आणि चाहुरात पोचेपर्यंत जवळपास पावणेदहा एकर. म्हणून जुन्या कागदातल्या 'एक चाहूर इनाम' याचा अर्थ अमुक एकर असं कुणी दशांश चिन्हासह सांगितलं, तर आधी त्यानं हात किती इंचांचा धरला हे विचारावं.

त्यातही बिघा सगळीकडे सारखा राहिला नाही. हलक्या जमिनीचा बिघा मोठा आणि भारी जमिनीचा लहान धरण्याची रीत अनेक ठिकाणी होती, म्हणजे मग सगळ्या बिघ्यांवर एकच दर लावता येई. ही लबाडी नव्हती. त्या काळी बिघा जमिनीचं क्षेत्र सांगता सांगता तिची कसही सांगत असे. गावातल्या माणसाला त्याचा अर्थ नेमका कळे. अडचण बाहेरून आलेल्या माणसाची होती.

तो बाहेरचा माणूस म्हणजे इंग्रज सरकार. पेशवाई गेल्यावर पुणे भागात प्रिंगल यांनी केलेली पहिली मोजणी आणि आकारणी फसली. पुढे १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पद्धत सुरू केली आणि तीच मुंबई इलाख्यात पसरली. तिनं जमिनीची कस आणि जमिनीचं क्षेत्र यांची फारकत केली. कस आण्यांच्या प्रतवारीत गेली आणि क्षेत्र एकर-गुंठ्यांत. गुंठ्याचा आजचा पक्का आकार या मोजणीनं घडवलेला आहे.

या आकाराचं मूळ मोजणीच्या साखळीत आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये एडमंड गंटर या गणितीनं सहासष्ट फुटांची साखळी रूढ केली. अशा दहा चौरस साखळ्यांचा एकर होतो. आपल्याकडच्या मोजणीत तिच्या अर्ध्या लांबीची, तेहतीस फुटांची साखळी आली आणि तिचे सोळा आणे पाडले गेले. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. साखळी निम्मी झाली की तिचा चौरस पाव होतो, म्हणून दहाच्या जागी चाळीस आले. एकराचे चाळीस गुंठे का, याचं उत्तर एवढंच आहे.

या साखळीची खुबी कळायला भूमी अभिलेखाचं जुनं टिपण हाती घ्यावं. त्यात शेताच्या आकृतीवर लांबी-रुंदी साखळी आणि आण्यांत लिहिलेली असते. समजा, एक सरळ आयताकृती शेत आठ साखळ्या चार आणे लांब आणि पाच साखळ्या दोन आणे रुंद आहे. चार आणे म्हणजे पाव, दोन आणे म्हणजे अर्धपाव. सव्वाआठ गुणिले सव्वापाचाहून अर्धपाव कमी, म्हणजे ८.२५ गुणिले ५.१२५. उत्तर ४२.२८ येतं आणि तेच थेट गुंठे आहेत. फूट मध्ये आणावे लागत नाहीत. क्षेत्र एक एकर, दोन गुंठे, साडेचार आणे. शाळेत पावकी-निमकी पाठ केलेल्या माणसाला हा हिशेब बांधावर उभ्या उभ्या करता येई. म्हणूनच हा परका आकार इतक्या लवकर आपला झाला असावा. चाल साखळीची होती, पण भाषा सोळा आण्यांची.

हेच शेत आज ४,२७७.७ चौरस मीटर भरतं आणि उताऱ्यावर ०.४२.७८ असं लिहिलं जाईल. बेचाळीस गुंठे आणि बेचाळीस आर हे आकडे शेजारी आले की घोटाळा अटळ होतो. आर १०० चौरस मीटरचा, गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा. एका गुंठ्यामागे फरक साडेबारा चौरस फुटांचा, म्हणून तो कुणाच्या डोळ्यांत येत नाही. 'अडीच एकर म्हणजे एक हेक्टर' हा हिशेबही असाच. अडीच एकर खरं तर एक हेक्टर, एक आर आणि सतरा चौरस मीटर असतात. या सोप्या हिशेबात एका गुंठ्याहून अधिक जमीन हरवते.

एक सावधगिरी मात्र हवी. नव्या मोजणीत आकडा बदलला की दर वेळी रूपांतराचीच चूक असते असं नाही. लोखंडी साखळी वापरून वापरून ताणली जाते. ती तीन इंचांनी लांब झाली असेल तर कागदावरच्या एकरामागे जागेवर सुमारे सहा दशांश गुंठा जास्त निघतो. ओळखायचं कसं? शेजारचे सगळे गट एकाच दिशेनं आणि एकाच प्रमाणात चुकत असतील तर दोष साखळीचा. एकाचं जितकं वाढलं तितकं शेजाऱ्याचं घटलं असेल तर बांध सरकलेला आहे.

क्विंटलची कथा याच्या उलट्या बाजूनं येते. गुंठ्यात शब्द जुना वाटतो आणि आकार इंग्रजी आमदानीतला. क्विंटलमध्ये शब्द खरोखर प्राचीन आहे आणि आपल्या बाजारातला त्याचा आकार साठ-सत्तर वर्षांचा. लॅटिनमधल्या शंभराच्या शब्दापासून निघून तो अरबीत 'किंतार' झाला आणि तिथून स्पेन-पोर्तुगालमध्ये गेला. पोर्तुगिजांबरोबर तो सोळाव्या शतकात गोव्याच्या बंदरात उतरलाही होता. पण तो १०० किलोंचा नव्हता. पोर्तुगालचा क्विंटल सुमारे ५८.७५ किलोंचा आणि मिऱ्यांच्या व्यापारात त्याहूनही हलका क्विंटल चाले. त्या काळच्या मिरीच्या नोंदी आजच्या क्विंटलनं वाचल्या तर गलबतात न मावणारी मिरी निघेल.

आपल्या बाजार समित्यांतला क्विंटल १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर, म्हणजे ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजनं येऊ लागल्यावर रुळला. त्यानं जागा घेतली मणाची. पण कोणत्या मणाची? ब्रिटिश हिंदुस्थानात प्रमाण ठरलेला, रेल्वेनं वापरलेला चाळीस शेरी मण ३७.३२ किलोंचा होता. मुंबईचा जुना मण मात्र अठ्ठावीस पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोंचा. जुन्या कागदात 'एकरी दहा मण' वाचलं तर ते १२७ किलो असू शकतं किंवा ३७३ किलो. दुष्काळ की सुगी, हे मणाच्या जातीवर ठरतं. शिवाय पायलीनं भरलेला मण वेगळाच. तो वजनाचा नसून आकारमानाचा. बारा पायल्यांचा कुठे, तर सोळांचा कुठे. त्यात भरलेली ज्वारी आणि भरलेलं भात यांचं वजन सारखं येत नाही.

आज खेड्यात मण म्हणजे चाळीस किलो आणि अडीच मणांचा क्विंटल. चाळीस शेरांच्या जागी चाळीस किलो आले. शेर ९३३ ग्रॅमचा होता, त्यामुळे शब्द तोच राहून मण पावणेतीन किलोंनी जड झाला. सोन्याचा तोळा उलटा गेला. तो ११.६६ ग्रॅमचा होता, आता सराफाकडे दहा ग्रॅमचा धरतात. आजीच्या 'पाच तोळ्यांच्या' पाटल्या आजच्या हिशेबात पावणेसहा तोळ्यांहून अधिक भरतात, आणि वाटण्यांच्या वेळी हे कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं. कापसाची खंडी तेवढी हलली नाही. ती ७८४ पौंडांची होती आणि आजही कापसाचे भाव ३५६ किलोंच्या खंडीवर सांगितले जातात, कारण तिथे घेणारा आणि देणारा दोघेही रोज तोच आकडा मोजतात.

गुंठा तर कायद्यानंही सोडला नाही. दशमान पद्धत येऊन चार दशकं उलटल्यावर, २००१ साली, महाराष्ट्रात झालेल्या कायद्याच्या नावातच 'गुंठेवारी' आहे. म्हणून हे शब्द टाकून द्यावेत असं म्हणण्यात अर्थ नाही. जमीन घेताना क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहून घ्यावं आणि १०१.१७ नं भागून गुंठे काढावेत. बोलताना मग खुशाल गुंठे म्हणावं. जुना कागद वाचताना आधी गाव, मग साल आणि मग जिन्नस पाहावा, आणि त्यानंतरच आकडा. माप त्या आकड्यात नसतं. तो ज्यांनी मान्य केला, त्या माणसांत असतं.