बुरशीनाशके आणि बीजप्रक्रिया : स्पर्शजन्य व आंतरप्रवाही

पिकांवर रोग पाडणाऱ्या बुरशींना मारणारी किंवा त्यांची वाढ थोपवणारी द्रव्ये म्हणजे बुरशीनाशके. कृषी सेवा केंद्राच्या फळीवर ती शेकड्याने दिसतात, पण वापरणाऱ्याच्या दृष्टीने त्यांचे दोनच मोठे गट महत्त्वाचे आहेत. पहिला गट झाडाच्या किंवा बियाण्याच्या पृष्ठभागावर राहून तिथे आलेल्या बुरशीला मारतो, तो स्पर्शजन्य. दुसरा झाडात शोषला जाऊन आतल्या बुरशीपर्यंत पोहोचतो, तो आंतरप्रवाही. गंधक, ताम्रयुक्त औषधे, थायरम, मॅन्कोझेब ही पहिल्या गटातली, तर कार्बोक्सिन, कार्बेन्डाझिम, मेटॅलॅक्झिल ही दुसऱ्या. हा फरक नेमका कुठे निर्णायक ठरतो, हे ज्वारीची दाणे काणी आणि गव्हाची काजळी हे दोन रोग शेजारी ठेवले की लख्ख कळते. दोन्ही बुरशी जवळच्या नात्यातल्या, दोन्ही कणसात किंवा ओंबीत काळी भुकटी करणाऱ्या आणि दोन्ही बियाण्यातून पसरणाऱ्या. तरीही एकीचे औषध दुसरीला चालत नाही.

दाणे काणी झालेल्या ज्वारीच्या कणसात दाण्याच्या जागी करड्या-पांढऱ्या, टोकाला निमुळत्या पिशव्या येतात. कणीस उभे असेपर्यंत त्या बहुधा फुटत नाहीत, फुटतात मळणीत. तेव्हा आतली काळी भुकटी, म्हणजे बुरशीचे बीजाणू, खळ्यातल्या चांगल्या दाण्यांना बाहेरून चिकटते. पेरणीनंतर दाणा जमिनीतला ओलावा घेऊन रुजू लागतो, त्याच वेळी बीजाणूही रुजतो आणि जमिनीबाहेर यायच्या आतच कोवळ्या कोंबात शिरतो. पुढे झाड निरोगी दिसते आणि निसवल्यावर रोग उघडा पडतो.

इथे शत्रू दाण्याच्या सालीवर बसलेला आहे. म्हणून साधी गंधकाची बारीक भुकटी पुरते. 300 मेशचे गंधक किलोला 4 ग्रॅम चोळावे अशी जुनी शिफारस आहे. रब्बी ज्वारीला एकरी 4 किलो बियाणे धरले तर गंधक लागते अवघे 16 ग्रॅम. शेतीतल्या खर्चांत याहून स्वस्त विमा शोधून सापडणार नाही.

बीजप्रक्रियेचा शास्त्रीय पायाही अशाच एका रोगाने घातला. 1807 साली फ्रान्समध्ये बेनेदिक्त प्रेव्हो यांनी गव्हाच्या, दाण्याला बाहेरून चिकटणाऱ्या काणीचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि तांब्याचा अंश असलेल्या पाण्यात ते रुजत नाहीत हे दाखवले. द्राक्षाच्या केवड्यावर बोर्डो मिश्रण आले ते यानंतर पाऊणशे वर्षांनी.

गव्हाच्या काजळीची चाल वेगळी आहे. रोगट ओंबी बाहेर येते तीच काळ्या भुकटीने भरलेली. वारा ती भुकटी उडवून नेतो आणि थोड्याच दिवसांत ओंबीचा नुसता दांडा उरतो. नेमके त्याच सुमारास शेजारची निरोगी झाडे फुलोऱ्यात असतात. उडालेले बीजाणू त्यांच्या फुलांवर पडतात, रुजतात आणि बुरशीचे धागे भरत्या दाण्याच्या अंकुरात जाऊन निपचित पडतात. असा दाणा टपोरा भरतो, त्यावर डाग पडत नाही, तो वजनाला कमी नसतो आणि रुजतोही चांगला. डोळ्यांनी तो ओळखता येत नाही. बीजपरीक्षण प्रयोगशाळेत दाणे अल्कलीत भिजवून अंकुर सुटे करतात आणि रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, तेव्हा ते धागे दिसतात.

या दाण्याला गंधक चोळा, थायरम चोळा, तांब्याच्या पाण्यात बुडवा. औषध सालीवर राहते आणि बुरशी अंकुरात. म्हणून कित्येक वर्षे या रोगावर रसायन नव्हतेच, उष्णता होती. डेन्मार्कच्या येन्सेन यांनी 1880च्या दशकात गरम पाण्याची पद्धत आणली. तिच्यात पाणी थोडे थंड राहिले तर बुरशी वाचते आणि थोडे जास्त तापले तर अंकुर मरतो. 1930च्या दशकात पंजाबात लुथ्रा यांनी त्यावर सोपा तोडगा काढला. मे-जूनच्या कडक उन्हाच्या दिवशी गहू सकाळी चार तास साध्या पाण्यात भिजवायचा, मग दुपारभर उन्हात पातळ पसरून वाळवायचा. पाण्याने निपचित बुरशी जागी होते आणि जागी झालेली बुरशी उन्हात मरते. ढगाळ दिवशी मात्र सगळी मेहनत वाया.

1966 साली कार्बोक्सिनचा आंतरप्रवाही गुण प्रसिद्ध झाला आणि गणित बदलले. दाणा ओलावा शोषतो तेव्हा हे औषध पाण्याबरोबर आत जाते, अंकुरापर्यंत पोहोचते आणि बुरशीच्या पेशीतली ऊर्जा तयार होण्याची एक पायरी बंद पाडते. काजळीसाठी 75 टक्के कार्बोक्सिनची भुकटी किलोला 2 ते 2.5 ग्रॅम वापरतात. एकरी 40 किलो गव्हाला ती 80 ते 100 ग्रॅम होते. बियाणे बंद ड्रममध्ये अर्ध्यापर्यंतच भरून, औषध थोड्या पाण्यात कालवून टाकतात आणि दहाएक मिनिटे फिरवतात. मग सावलीत सुकवून पेरतात. ड्रम गच्च भरला तर दाणे उलटेपालटे होत नाहीत. रंग एकसारखा न बसता काही दाणे कोरेच दिसतात. असा प्रत्येक कोरा रोगट दाणा पुढे एक काळी ओंबी देऊ शकतो. हातमोजे हवेतच, हाताने कालवण्याची सवय मात्र अजून जात नाही.

म्हणजे आंतरप्रवाही औषध सरसच, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. कार्बोक्सिन काणी आणि तांबेरा यांच्या कुळातल्या बुरशींवर चांगले चालते. रोपे कुजवणाऱ्या पिथियमला त्याने फरक पडत नाही. म्हणून बाजारात ते थायरमबरोबर मिसळलेले मिळते. शिवाय ते बुरशीच्या एकाच पायरीवर घाव घालते, त्यामुळे त्या पायरीत बदल झालेली बुरशी तगू शकते. मेटॅलॅक्झिल 1970च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले आणि 1980 मध्येच युरोपात बटाट्याच्या उशिरा येणाऱ्या करप्यावर ते निकामी होऊ लागले. मॅन्कोझेब किंवा तांबे बुरशीच्या पेशीत एकाच वेळी अनेक ठिकाणी मारा करतात, म्हणून ती इतकी वर्षे टिकून आहेत. त्यांचे उणे वेगळे आहे. फवारणीनंतर फुटलेल्या पानावर औषध नसते, पाऊस ते धुऊन नेतो आणि बुरशी एकदा आत गेली की फवारणीला उशीर झालेला असतो. छाटणीनंतर भराभर फुटणाऱ्या द्राक्षवेलीवर फवारे पुन्हा पुन्हा द्यावे लागतात, त्याचे एक कारण हेच.

औषध लावलेल्या बियाण्याचा रंग हा ते खाऊ नये असा इशारा असतो; तो न कळल्यास काय होते, ते इराकमध्ये दिसले. 1971-72च्या हिवाळ्यात तिथे सेंद्रिय पाऱ्याचे बुरशीनाशक लावलेला गहू आणि बार्ली बियाणे म्हणून वाटली गेली. गहू मुख्यतः मेक्सिकोहून आला होता, पोत्यांवरचे इशारे परक्या भाषांत होते आणि बऱ्याच ठिकाणी पेरणीही उरकली होती. लोकांनी दाणे धुतले; रंग गेला, म्हणजे विषही गेले असे समजून भाकरी केल्या. लक्षणे काही आठवड्यांनी दिसू लागली. 6,530 जण रुग्णालयांत दाखल झाले आणि त्यांतले 459 दगावले.

बीजप्रक्रियेची मर्यादा पुन्हा ज्वारीतच दिसते. लांब काणीचे बीजाणू निसवत्या कणसावर हवेतून येतात, तर झिपऱ्या काणीचे बीजाणू जमिनीत दबा धरून असतात आणि तिथून रोपाला गाठतात. बियाण्याला चोळलेले गंधक या दोन्हींना आवर घालू शकत नाही. झिपऱ्या काणीत पिशवी फुटण्याआधी रोगट कणीस कापडी पिशवीत घेऊन जाळणे आणि त्या रानात पीक बदलणे एवढेच हाती राहते.