इतर खर्च : ५०,०००

माझ्या बहिणीची नात इतिहासात एम.ए. झाली आहे. विद्यापीठात नाव नाही, गाईड नाही, पण एका विषयानं तिला धरलं आहे : १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायका. माण तालुक्यातल्या गावांमधून चाळीस जणींना भेटायचं, त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं आणि त्यावर लिहायचं. एका संस्थेची वर्षभराची फेलोशिप आहे, कमाल मर्यादा पाच लाखांची. अर्ज मोठा झोकात लिहिला होता. शेवटचं पान घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशीआजी, हे बजेटचं तेवढं बघ ना. बेरीज बरोबर आहे का?"

बेरीज बरोबर होती. विद्यावेतन दरमहा २५,००० प्रमाणे ३,००,०००, प्रवास ६०,०००, पुस्तकं ४०,०००, फील्डवर्क ५०,००० आणि इतर खर्च ५०,०००. झाले पाच लाख! खाली टीप म्हणून एकच वाक्य : "वरील रक्कम संशोधनाच्या कामासाठी वापरली जाईल."

मी तेहतीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या. उत्तर मागून पुढे रचलेलं असलं की मास्तरणीला वास येतो. इथे आधी पाच लाख ठरले होते आणि मग त्याचे तुकडे पाडले होते. अर्ज तपासणाऱ्यालाही तो वास येणारच. पण मला खरी काळजी वेगळीच वाटली. हे बजेट जसंच्या तसं मंजूर झालं असतं, तर ही मुलगी मुंबई-पुण्याच्या दफ्तरांतून भरपूर हिंडली असती, पुस्तकं घेतली असती, आणि बायकांपाशी पोचेपर्यंत तिच्या हातात ना पैसे उरले असते ना दिवस. मग तिनं लिहिला असता तो सरकारी कागदांचा दुष्काळ. त्या कागदांत किती पाझर तलाव झाले, किती खडी फुटली, हजेरीपटावर किती नावं होती हे मिळतं. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसं कामांवर होती, हा आकडाही मिळतो. बाई खडी फोडत असताना तिचं तान्हं कुठं असे, हे मात्र हजेरीपटात सापडत नाही.

हे मी इतक्या खात्रीनं सांगते, कारण मी स्वतः पोळले आहे. १९८६ साली आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांकडून १९१८ च्या मानमोडीच्या साथीच्या आठवणी गोळा कराव्यात असं माझ्या मनानं घेतलं. एका संस्थेनं दीड हजार रुपये मंजूर केले. त्यासाठी मी जो कागद लिहून दिला होता त्यात एसटीभाडं होतं, वह्या होत्या, टपालखर्च होता. कॅसेटचं नावच नव्हतं. टेपरेकॉर्डर दिरांचा होता, तेव्हा कॅसेटही कुठून तरी येतील असं वाटलं असावं. सहा कॅसेट पदरच्या पैशानं घेतल्या आणि भरल्यावर काय करायचं? ऐकून वहीत टिपून घ्यायचं आणि त्याच कॅसेटवर पुढच्या माणसाचं बोलणं घ्यायचं! एका ऐंशी पार केलेल्या आजींनी मानमोडीत गेलेल्या जावेवर ओव्या म्हटल्या होत्या. माझ्या वहीत लिहिलं आहे, "आजींनी येथे जावेविषयी चार ओव्या म्हटल्या. अर्थ – घर ओस पडले." बस्स. पुढच्या पावसाळ्यात आजी गेल्या. त्या कॅसेटवर आज एका निवृत्त तलाठ्याचं बोलणं आहे, आणि तेही फारसं कामाचं नाही.

असो. तर आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसलो. मी म्हटलं, "अगं, आधी रुपये लिहू नकोस. दिवस लिही."

चाळीस बायका, प्रत्येकीकडे दोन खेपा. पहिल्या खेपेला बाई जे बोलते ते बरंचसं आपल्याला काय आवडेल त्याचा अंदाज घेऊन बोलते. खरं बोलणं दुसऱ्या खेपेला निघतं, त्यामुळे दुसरी खेप वगळता येत नाही. म्हणजे ऐंशी भेटी. दिवसाला दोन धरल्या तर चाळीस दिवस. पण बाजाराचा दिवस जातो, गावात मयत होतं, बाई लेकीकडे गेलेली असते. म्हणून साठ दिवस धरले. मग हे साठ दिवस वर्षात कुठं बसवायचे? महिनाभर उन्हाळ्यात, मृगाच्या पेरण्यांआधी. दुसरा महिना दिवाळीनंतर. त्या वेळी ऊसतोडीला जाणारी घरं रिकामी होतात आणि म्हाताऱ्या नातवंडं सांभाळत मागे राहतात. भेटायला त्या सापडतील, पण कडेवर पोर असेल आणि दर दहा मिनिटांनी बोलणं तुटेल. हे सगळं टिपेत लिहायला लावलं. एवढं वाचल्यावर तपासणाऱ्याला "साठच दिवस का?" असं विचारावं लागत नाही.

दिवस ठरल्यावर रुपये आपोआप आले. दहिवडीत खोली दोन महिन्यांची ८,०००. जेवणखाण आणि गावोगाव फिरणं, दिवसाला अडीचशे-अडीचशे धरून १५,००० आणि १५,०००. पुण्याहून येण्याजाण्याचं एसटीभाडं तिनं पूर्ण दरानं लावलं होतं. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तपासणाऱ्याला ते ठाऊक असणारच. तिथे पूर्ण भाडं दिसलं की त्याचा बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. सगळ्या खेपा मिळून हजारात बसल्या.

मग दोन बाबी अशा निघाल्या ज्या तिच्या डोक्यातच नव्हत्या. पहिली म्हणजे सोबतीण. परक्या मुलीनं एकटीनं वस्तीवर जाणं हा एक भाग झाला, पण ओळखीची बाई बरोबर असली की दार उघडतं, नाहीतर "मालक नाहीत घरी" एवढंच ऐकून परत यावं लागतं. दिवसाला ३०० प्रमाणे १८,०००. दुसरी बाब बोलणाऱ्या बाईच्या वेळेची. अजूनही शेळ्यांमागे किंवा खुरपायला जाणारी बाई अर्धा दिवस आपल्याजवळ बसते, तेव्हा तिचा रोज बुडतो. यावर आमचा वाद झाला. नात म्हणे, "पैसे दिले तर बायका मला हवं तेच सांगतील." तिचं म्हणणं चुकीचं नाही. शेवटी असं ठरलं की रक्कम सर्वांना सारखीच, अर्ध्या दिवसाचे २००, आणि बोलून झाल्यावर. बाई काही बोलली नाही तरी. ऐंशी भेटींचे १६,०००. हा नियम आणि तिची शंका, दोन्ही टिपेत घातलं.

एम.एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या खेड्यात राहायला गेले तेव्हा त्यांनी स्वयंपाकी बरोबर नेला होता. वाचताना हसू येतं, पण चूल फुंकण्यात दिवस गेला तर गावाकडे पाहायचं कधी? ज्यानं फील्डवर्क केलेलं नाही त्याला स्वयंपाकी ही चैन वाटते आणि सोबतीणही.

सगळ्यात मोठा खड्डा पुढे होता. प्रत्येकीचं बोलणं सरासरी दीड तास धरलं तर साठ तासांचं ध्वनिमुद्रण होतं. ते ऐकून शब्दशः लिहून काढायला एका तासाला सहा तास तरी लागतात, कारण म्हाताऱ्या माणसाचं बोलणं, मागे कोंबड्या, त्यात माणदेशी शब्द. म्हणजे ३६० तास. रोज सहा तास बसलं तरी साठ दिवस! जितके दिवस गावात तितकेच दिवस कानाला यंत्र लावून. हे तिच्या वर्षात कुठेच नव्हतं. शहरातल्या टंकलेखकाला दिलं तर तो "सुकडी"चं "सुकी" करणार आणि "मिलो" म्हणजे काय ते त्याला कळणारच नाही. (तरुण वाचकांसाठी : मिलो म्हणजे तेव्हा अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी ज्यांनी खाल्ली ते अजून तोंड वाकडं करतात.) म्हणून तालुक्यातल्याच एखाद्या पदवीधर मुलीला हे काम द्यायचं ठरलं. ताशी १५० रुपयांनी ५४,००० होतात.

आता हे पैसे आणायचे कुठून? नात लगेच म्हणाली, "विद्यावेतन कमी करते." सगळे हेच करतात. मी ठाम नाही म्हटलं. यूजीसीची जेआरएफ २०२३ पासून दरमहा ३७,००० आहे, तेव्हा २५,००० ही काही हाव नव्हे. विद्यावेतन कापलं की माणूस शिकवण्या धरतो, आणि मग दिवाळीनंतरचा तो महिना पहिला बळी जातो. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली ती महिना साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांसाठी. न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली. १९१७ मध्ये परतताना वेगळ्या बोटीनं पाठवलेली पुस्तकं जर्मन पाणबुडीनं बुडवली. असा माणूस शतकात एखादा. त्याच्याकडे बोट दाखवून बाकीच्यांचं विद्यावेतन ठरवू नये.

तेव्हा कात्री पुस्तकांना लागली. चाळीस हजारांची यादी करायला सांगितली, तर अर्धी पुस्तकं पुण्याच्या ग्रंथालयांत होती. खरोखर विकत घ्यावीत अशी १२,००० ची निघाली. प्रवासात मुंबईचा पुराभिलेखागाराचा महिना दहा दिवसांवर आणला. दिवसाला १,५०० धरून १५,००० झाले.

आणि "इतर खर्च" खोडला. त्याच्या जागी २०,००० आकस्मिक खर्च, आणि २०,००० साधनांचा, त्यात ध्वनिमुद्रक आणि दोन हार्ड डिस्क. "दोन कशाला?" असं तिनं विचारलं. तेव्हा पुन्हा श्रीनिवास आठवले. अठरा वर्षं खपून त्यांनी आपल्या टिपणांवर संस्कार केले होते. त्याच्या तीन प्रती होत्या, पण तिन्ही स्टॅनफर्डच्या एकाच खोलीत. २४ एप्रिल १९७० ला कुणी तरी आग लावली. मूळ टिपणं दिल्लीत होती म्हणून ती वाचली, पण पुढचं पुस्तक त्यांना बरंचसं आठवणीतून लिहावं लागलं. म्हणून टिपेत वाक्य घातलं : दुसरी प्रत दुसऱ्या गावी राहील.

एकूण ४,९४,००० झाले. फील्डवर्क आणि लेखन मिळून पन्नास हजारांवरून एक लाख सव्वीस हजारांवर गेलं होतं. सहा हजार न मागता सोडले, याची नातीला बरेच दिवस हळहळ होती.

गेल्या आठवड्यात संस्थेचा फोन आला. रक्कम थोडी कमी होईल का, आणि सोबतीण गरजेची आहे का, असं विचारत होते. तिनं आकस्मिक खर्चातून दहा हजार सोडले. सोबतीणीच्या बाबतीत टिपेतलाच परिच्छेद वाचून दाखवला, तो त्यांनी ऐकून घेतला. अजून पत्र यायचं आहे. दरम्यान तिच्या यादीतल्या चाळीसपैकी एक बाई वारल्या, असं बिदालच्या एका ओळखीच्या शिक्षकांनी कळवलं. यादीत आता एकोणचाळीस आहेत. मी तिला म्हटलं, पत्र येईपर्यंत थांबू नकोस, निदान सगळ्यांत थोरल्या दोघींकडे जाऊन ये. एसटीभाडं मी देते.

दुसरी हार्ड डिस्क माझ्याकडे ठेवायची ठरलं आहे. कपाटाचा वरचा खण रिकामा केला, तेव्हा मागे सहाही कॅसेट सापडल्या.