प्रायमिंग व चोषण उंची

जमिनीवर बसविलेला अपकेंद्री पंप सुरू करण्यापूर्वी त्याची कोठी व चोषण नळ पाण्याने पूर्ण भरून आतली हवा बाहेर काढणे, याला प्रायमिंग किंवा बोलीभाषेत ‘पंप भरणे’ म्हणतात. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा किती उंचीवर आहे, ती उभी उंची म्हणजे चोषण उंची. येथे मुख्यतः विहिरीवरील मोनोब्लॉक पंपाचा विचार केला आहे.

पंप भरण्याचे कारण : अपकेंद्री पंप आपल्यातील द्रव विशिष्ट उंचीपर्यंत चढवतो, ही उंची त्या द्रवाच्याच स्तंभाची असते. २४ मी. शीर्षाचा पंप हवेने भरलेला असला, तर तो २४ मी. उंचीच्या हवेच्या स्तंभाएवढाच दाब निर्माण करतो. हवा पाण्याच्या सुमारे ८०० पट हलकी असल्याने हा दाब जेमतेम ३ सेंमी. पाणी उचलण्याइतका भरतो. मोटार वेगाने फिरत असूनही पाणी न येण्याचे कारण हेच.

चोषण उंचीची मर्यादा : पंप पाणी ओढत नाही. तो चोषण नळातील दाब कमी करतो आणि विहिरीतील पाण्यावरचा वातावरणाचा दाब ते वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे १०.३ मी. पाण्याच्या स्तंभाएवढा असतो, सु. ५६० मी. उंचीवरील पुण्याच्या परिसरात तो ९.७ मी. भरतो. पंप कितीही अश्वशक्तीचा असला तरी यात वाढ होत नाही.

हा सगळा दाब उचलण्यासाठी मिळत नाही. वरील परिसरातील एका पंपाचा हिशोब पाहू. पाण्याचे तापमान ३० अंश से. असल्यास बाष्पदाबासाठी ०.४ मी. वजा होतात. चाकाच्या तोंडाशी पाण्याची वाफ होऊ नये म्हणून निर्मात्याने २.५ मी. राखायला सांगितले आहेत. नळ, बाक व फूटव्हॉल्व्ह यांतील घर्षणाला ०.८ मी. लागतात. उरतात ६ मी. पुस्तकांत कोठे ६, कोठे ७ मी. अशी सरसकट मर्यादा आढळते. हा फरक बहुधा गृहीत धरलेल्या घर्षणाचा व पंपाच्या प्रकाराचा असावा.

हाच पंप सकाळी पाणी ५ मी. खोल असताना सुरू केला तर व्यवस्थित चालतो. उपशाने पातळी ६.३ मी.पर्यंत उतरली की कोठीतून खडे वाजल्यासारखा आवाज येतो आणि धार बारीक होते. प्रवाह घटल्यामुळे घर्षणही घटते, म्हणून पंप काही काळ तग धरतो. पण पाण्यातून सुटणारी हवा चाकाच्या तोंडाशी साठत जाते आणि शेवटी पंप पाणी सोडतो. फूटव्हॉल्व्ह बदलून हा दोष जात नाही. पंप खालच्या टप्प्यावर उतरवावा, चोषण नळ मोठ्या व्यासाचा घ्यावा किंवा पाण्यात बुडणारा पंप वापरावा.

पंप पाणी का सोडतो : दोष केव्हा दिसतो यावरून तो ओळखता येतो. रात्रभर बंद राहिल्यावर पंप रिकामा झालेला आढळला, तर फूटव्हॉल्व्ह गळतो. पडद्याखाली काडी किंवा खडा अडकलेला असतो. ग्रामीण भागात या व्हॉल्व्हला ‘फुटबॉल’ म्हणतात. गळती तात्पुरती बुजावी म्हणून पाण्यात शेण कालवून ओतण्याची रीत आहे, पण तिने बिघाड फक्त पुढे ढकलला जातो.

चालू असताना पाणी सुटत असेल, तर चोषण बाजूने हवा शिरत असते. तेथे दाब बाहेरच्यापेक्षा कमी असल्यामुळे सांध्यातून पाणी ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून कोरडा दिसणारा सांधाही निर्दोष समजू नये. संशयित सांध्यावर व ग्लँडवर पाणी ओतावे. तेवढ्यापुरता पंप सुधारला, तर जागा सापडली. फूटव्हॉल्व्हवर पुरेसे पाणी नसल्यास भोवऱ्यातूनही हवा शिरते.

चोषण बाजूला व्हॅक्यूम गेज असल्यास काम सोपे होते. काटा नेहमीपेक्षा वर गेला, तर जाळी तुंबली आहे किंवा पाणी खोल गेले आहे. तो खाली येऊन थरथरू लागला, तर हवा शिरते आहे. पाणी सुटताच मोटारीवरचा भार हलका होऊन अ‍ॅमीटरचा आकडा एकदम घसरतो. अशा स्थितीत पंप चालू ठेवल्यास पाण्याने थंड राहणारे सील जळते.

कधीच पाणी न धरणाऱ्या पंपात बहुधा हवेचा कप्पा अडकलेला असतो. चोषण नळ विहिरीकडून पंपाकडे सतत चढता हवा. मध्ये कुबड असेल तर तेथे हवा साठते. व्यास कमी करणारा रिड्यूसर सपाट बाजू वर ठेवून जोडण्याचे कारणही तेच. भरताना कोठीवरचा हवेचा स्क्रू सैल करावा व त्यातून बुडबुड्यांशिवाय पाणी येईपर्यंत ओतत राहावे.

इतिहास : पंपाने पाणी एका मर्यादेपलीकडे चढत नाही, याचा उल्लेख गॅलिलिओच्या १६३८ च्या ग्रंथात आहे, वातावरणाच्या दाबाचे स्पष्टीकरण टोरिचेल्ली यांनी दिले.

स्वयंभरण पंप : कोठीत थोडे पाणी राखून हवा स्वतः बाहेर टाकतात, चोषण उंचीची मर्यादा त्यांनाही लागू आहे.